बॉक्स गार पडला तेव्हा

आमच्या कारखान्यात एकच वहिनी आहेत आणि खरं तर त्या फक्त माझ्या आहेत. माझ्या थोरल्या भावाची बायको. मी तिथे कामाला लागलो आणि पहिल्याच दिवशी सवयीने सगळ्यांदेखत ‘वहिनी’ अशी हाक मारली. तोवर लोक त्यांना मॅडम म्हणायचे आणि जरा बिचकून असायचे. माझ्या एका हाकेने सगळं बिचकणं गेलं. आधी टर्नर, मग पॅकिंगवाले, मग स्टोअरचा म्हातारा आणि शेवटी मालकसुद्धा त्यांना वहिनी म्हणू लागले. त्या मला भाऊजी म्हणतात, म्हणून मीही सगळ्यांचा भाऊजी झालो. मालक माझ्याहून वयाने बरेच मोठे, तरी ‘भाऊजी, गाडी काढा’ म्हणतात. मी काढतो. पगार तेच देतात.

आम्ही गिअरबॉक्स करतो आणि तेही एकाच जातीचे, वर्मचे. स्टीलच्या दांड्यावर स्क्रूसारखा आटा असतो, तो वर्म. त्याच्या अंगाला लागून ब्रॉन्झचं दातेरी चाक. मोटर दांड्याला गरगर फिरवते, दांडा फिरफिर फिरतो तेव्हा कुठे चाक एकदा फिरतं. वेग कमी, जोर जास्त. लहानशा डब्यात एवढं काम दुसरं कुठलं गिअर करत नाही आणि आवाजही करत नाही. हे मी पाठ केलेलं नाही, वहिनींच्या टेबलाशेजारी उभं राहून कानावर पडलेलं आहे. डिझाइन त्या करतात. माल गेल्यावर गिऱ्हाइकाकडे जाऊन शिव्या खायचं खातं माझ्याकडे आहे.

वहिनींचं टेबल कॉम्प्रेसरच्या भिंतीला लागून. कॉम्प्रेसर सुरू झाला की त्यांची पेन्सिल आपोआप घरंगळते आणि त्या न बघता झेलतात. चहा नेहमी गार झाल्यावर पितात, कारण गरम असताना कुणीतरी ड्रॉइंग घेऊन उभं असतं. मी त्यांना कधी घाईत पाहिलं नाही आणि कधी ताज्यातवान्या पाहिलं नाही. दादाचा कारखाना बंद पडल्यापासून तो घरीच आहे. स्वयंपाक उत्तम करायला लागलाय, पण प्रत्येक घासाला ‘मीठ बरोबर आहे ना?’ विचारतो आणि बरोबर आहे म्हटलं तरी रुसतो. दिवसभर मालकाचा रुसवा काढून आलेल्या बाईला संध्याकाळी नवऱ्याचा रुसवा काढावा लागतो. मला दादाचा राग येतो. वहिनींना येत नाही, किंवा येत असेल तर तो काढायला त्यांच्याकडे वेळ उरत नाही.

मालकांशी त्यांचं एकच भांडण होतं आणि ते बरंच जुनं होतं. आमच्या कॅटलॉगमध्ये पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात छापलेलं असायचं: ‘सेल्फ लॉकिंग’. म्हणजे मोटर बंद झाली की बॉक्स आपोआप जागच्या जागी धरून ठेवतो, ओझं मागे खेचत असलं तरी चाक वर्मला उलटं फिरवू शकत नाही. गिऱ्हाईक त्या शब्दावर खूश असायचं. वेगळा ब्रेक घ्यायला नको. बॉक्सच्या अंगावरच्या पितळी पाटीवरही तेच कोरलेलं असायचं.

“काढा तो शब्द,” वहिनी म्हणायच्या.

“अहो पण धरतो ना बॉक्स?” मालक म्हणायचे.

“धरतो. धरेलच असं नाही.”

“वहिनी, तुम्ही आमच्याकडे नोकरीला आहात की समोरच्या कारखान्यात?”

एकदा नव्या सेल्समनला हा प्रकार कळेना, तेव्हा वहिनींनी पॅकिंगमधली फळी मागवली. एक टोक विटेवर ठेवलं आणि फळीवर वाळूचं पोतं ठेवलं. पोतं जागचं हललं नाही.

“का थांबलंय?” त्यांनी विचारलं.

“उतार कमी आहे म्हणून.”

“आणि फळी खरबरीत आहे म्हणून. वर्मचा आटा म्हणजे ही फळीच, दांड्याला गुंडाळलेली. उतार कमी आणि घर्षण जास्त असलं की ओझं आपणहून घसरत नाही. ह्यालाच तुम्ही कुलूप म्हणता. आता ते वर ढकला.”

सेल्समनने ढकललं. चांगला घामाघूम झाला.

“उतार एवढासा, मग एवढा जोर कशाला लागला?”

“घासतंय ना.”

“ज्या फळीवर पोतं आपोआप थांबतं, तिच्यावरून ते वर ढकलताना निम्म्याहून जास्त जोर घासण्यातच जातो. हा हिशेब कुणाच्या बापाला चुकत नाही. तुम्हाला कुलूपही पाहिजे आणि मोटरची सगळी ताकदही पाहिजे, तर ते मिळणार नाही. जो जोर गेला तो कुठे गेला?”

सेल्समन पोत्याखाली वाकून बघू लागला. वहिनींनी त्याचा हात धरून फळीच्या घासलेल्या जागेवर ठेवला. जरा गरम लागत होती.

“इथे. आपल्या डब्यात तो तेलात जातो, तेलातून डब्याच्या अंगात आणि अंगातून हवेत. डब्याचं अंग लहान असलं की बाहेर पडायला जागाच नाही. मग तेल तापतं, पातळ होतं, दोन धातूंच्या मधून निघून जातं, त्यामुळे घर्षण आणखी वाढतं, आणखी तापतं. दात मोडायच्या कितीतरी आधी वर्मचा बॉक्स तापून मरतो.”

सेल्समन ‘समजलं’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला फोनवर ‘आमचा बॉक्स सेल्फ लॉकिंग आहे, साहेब’ असंच सांगत होता. वहिनींनी ऐकलं आणि पेन्सिल झेलली.

पशुखाद्याच्या गिरणीची तक्रार आली ती याच सुमारास. तिथे आमचा बॉक्स बादल्यांच्या उभ्या पट्ट्यावर होता. त्याला ते उचलणी म्हणतात. जमिनीखालच्या खड्ड्यात धान्य पडतं, पट्ट्यावरच्या बादल्या ते भरून घेऊन चार मजले वर नेतात आणि कोठीत ओततात. कोठी भरली की उचलणी आपोआप बंद होते, कोठीतलं धान्य खाली भरडणीच्या यंत्रात जातं आणि भरडणी सुरू होते. कोठी रिकामी झाली की पुन्हा उचलणी. बंद होताना चढत्या बाजूच्या बादल्या भरलेल्याच असतात. त्यांचं सगळं ओझं वर, माथ्यावर बसवलेला आमचा बॉक्स धरून ठेवतो. ब्रेक नाही. कॅटलॉगमध्ये तो शब्द होता म्हणून घेतलाच नव्हता.

तक्रार एवढीच होती की बॉक्स तापतोय. मी गेलो, शिडी चढून वर पोचलो तर पत्र्याखाली जीव गुदमरत होता आणि बॉक्सला हात लावायची सोय नव्हती. कडेच्या रबरी सीलमधून काळं तेल गळत होतं. हवा खेळावी म्हणून डब्याला ज्या उभ्या पट्ट्या काढलेल्या असतात त्यांच्यामध्ये पेंडीचा भुसा बसून घट्ट झाला होता. गिरणीने गेल्या वर्षी मोठ्या बादल्या बसवल्या होत्या आणि उचलणी जवळजवळ दिवसभर चालवत होते. मी भुसा खरवडला, बॉक्सच्या पंख्याची जाळी मोकळी केली, नमुन्याला तेल काढलं. त्या तेलात ब्रॉन्झची सोनेरी चमक तरंगत होती. चाक झिजत होतं.

खाली उतरलो तेव्हा खड्ड्यातून एक डोकं वर आलं. भुशाने पांढरं झालेलं. उचलणीचा तळ साफ करणारा माणूस. त्याला सगळे पाताळकाका म्हणायचे. तळाला धान्याचा ओलसर चुरा चिकटतो, साचतो आणि बादल्या अडकतात, म्हणून दर वेळी उचलणी थांबली की काका खड्ड्यात उतरून तळाचं दार उघडायचे आणि हाताने साफ करायचे.

“हाताने?” मी विचारलं.

“काठीला काय कळतंय?” काका म्हणाले. “बोटांना कळतं कुठे चिकटलंय ते.”

मी परत येऊन वहिनींना सगळं सांगितलं. तापलेल्या बॉक्सचं सांगितलं तेव्हा त्या लिहून घेत होत्या. काकांच्या बोटांचं सांगितलं तेव्हा त्यांची पेन्सिल थांबली.

त्याच दिवशी त्या मालकांकडे गेल्या. त्या जागेला आपला बॉक्स लहान पडतो, म्हणाल्या. मोठा द्या, नाहीतर सरळ सांगा की दिवसभर चालायचं हे काम वर्मचं नाही, दुसऱ्या जातीचं गिअर घ्या, ते निम्मी ताकद तापण्यात घालवत नाही. ते घेतलं तर ते ओझं धरणार नाही, म्हणून माथ्याच्या दांड्यावर बॅकस्टॉप लागेल, म्हणजे एकाच दिशेला फिरू देणारा क्लच. आणि बॉक्स बदला अथवा बदलू नका, तो क्लच आत्ताच बसवा.

मालकांना सगळ्यात जास्त लागलं ते ‘दुसऱ्या जातीचं गिअर’. आम्ही ते करत नाही. ते समोरचे करतात.

“आपण होऊन गिऱ्हाईक त्यांच्या दारात नेऊन सोडायचं? आणि आता ब्रेक लावा म्हटलं तर विचारतील, मग पाटीवर काय लिहिलंय?”

“विचारू देत. खरं सांगू.”

“पुढच्या महिन्यात बघू,” मालक म्हणाले. हे वाक्य ते इतक्या वेळा वापरतात की त्यांना ते बोलल्याचंही कळत नसावं.

वहिनींनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग त्यांनी गिरणीच्या मुकादमाला स्वतःच फोन केला आणि सांगितलं की काकांना उचलणीत हात घालू देऊ नका. मुकादम भला माणूस. ‘हो हो, सांगतो’ म्हणाला. पण इतकी वर्षं काही झालं नाही, तर माणूस फोनवर ऐकून सवय सोडतो थोडाच?

मग एक दिवस मुकादमाचाच फोन आला. मी तिथेच होतो. स्पीकरवर त्याचा आवाज आनंदाने नुसता फुटत होता.

“वहिनी, तुमचा बॉक्स गार पडला! आता हात ठेवून उभं राहता येतं!”

मी टाळी वाजवली. स्टोअरचा म्हातारा ‘वा!’ म्हणाला. वहिनींचा चेहरा मात्र एकदम उतरला.

“काय केलंत?” त्यांनी विचारलं.

“तेल बदललं. साधं काढून टाकलं आणि सिंथेटिक भरलं, सगळ्यात भारी. दुकानदाराने सांगितलं होतं, जुन्यात मिसळू नका, म्हणून दोनदा धुऊन घेतलं. एकदम लोण्यासारखं फिरतंय.”

मुकादमाने जे केलं ते यंत्रावर जीव असलेला माणूसच करेल. आळशी माणसाने जुनंच तेल ठेवलं असतं. वहिनींनी त्याला एवढंच सांगितलं, “मी येतेय. तोवर काकांना तिथे जाऊ देऊ नका. शपथ घालते तुम्हाला.” फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, “भाऊजी, गाडी काढा.”

“पण गार पडला ना?” मी वाटेत विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

“गार का पडला?”

“घर्षण कमी झालं म्हणून.”

“आणि बादल्यांना कोण धरून होतं?”

मी गाडी जरा जोरात हाणली. मला उत्तर कळलं हे त्यांना एवढ्याने समजलं असावं.

वाटेत त्या डोळे मिटून बसल्या होत्या, पण झोपलेल्या नव्हत्या. मधेच म्हणाल्या, “चाकही आता घासून घासून आरशासारखं झालेलं. नवं असतं तेव्हा खरबरीत असतं, बरं धरतं. आम्ही नव्या बॉक्सवर चाचणी घेतो आणि धरतो म्हणून लिहितो. तो जितका जुना आणि जितका गुळगुळीत, तितकं ते धरणं कमी कमी होत जातं. त्यात हे तेल.” थोड्या वेळाने पुन्हा, “मला थकवा आलाय, भाऊजी. तेच तेच सांगून.”  मी ‘हं’ म्हणालो. दुसरं काही सुचलं असतं तर बरं झालं असतं.

गिरणीत पोचलो तर काका खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले होते, फुरंगटून. “सकाळपासून बसवून ठेवलंय मला,” ते म्हणाले. “तळाला किती साचलंय ठाऊक आहे? मी काय देवघरात ठेवायची मूर्ती आहे?”

मुकादम आम्हाला आधी वर घेऊन गेला. वहिनींनी तळहात उलटा करून बॉक्सवर ठेवला. ठेवून उभ्या राहिल्या. खरंच कोमट होता. मुकादम शाबासकीची वाट पाहत होता.

“तेल चांगलं निवडलंत,” त्या म्हणाल्या. तो फुलला. “आता उचलणी नेहमीसारखी चालवा आणि नेहमीसारखी थांबू द्या.”

आम्ही खाली आलो. उचलणी चालली, कोठी भरली, मोटर बंद झाली. बादल्या थांबल्या. आम्ही सगळे खड्ड्याच्या काठावरून तळाच्या उघड्या दारातल्या पट्ट्याकडे बघत उभे. पट्टा हलला नाही. पुन्हा थोडी चालवली, पुन्हा थांबवली. नाही हलला. मुकादम माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो असतो, पण वहिनींच्या तोंडाकडे बघून गप्प बसलो.

“भरडणी का बंद आहे?” त्यांनी विचारलं.

“तेल बदलायला घेतलं तेव्हाच तिचीही चाळणी काढली, ती बदलतायत. होईल इतक्यात.”

“मग ती सुरू होईपर्यंत मी थांबते.”

“आता तिचा काय संबंध?” मुकादम म्हणाला. त्याला हे जरा अति वाटायला लागलं होतं.

“फळीवर पोतं थांबलंय. फळीला कुणी खालून धक्के दिले तर?”

एवढ्यात मालकांचा फोन आला. मुकादमाने त्यांना आधीच कळवलं असावं. मला पलीकडचं ऐकू येत होतं, मालक फोनवर नेहमी ओरडूनच बोलतात. धरतोय ना बॉक्स? मग काय बाकी राहिलं? गिऱ्हाइकाच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नका. परत या. आणि उद्यापासून साइटवर भाऊजी जातील, तुम्ही टेबलावर बसा.

“भरडणी सुरू झाली की निघते,” वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग तिथल्याच एका पोत्यावर बसल्या. डोक्यावर, खांद्यावर भुसा पडत होता, तो झटकायचंही त्यांच्या मनात येईना. त्या क्षणी मला मालकाचा इतका राग आला की वाटलं, गाडीची किल्ली खड्ड्यात फेकून द्यावी. नंतर पुन्हा शोधावी लागली असती ती मलाच.

काकांचा धीर संपला. “बघितलं ना, धरलंय की! माझं काम करू द्या आता.” आणि ते खड्ड्यात उतरले, बाह्या वर सरकवत.

वहिनी उठल्या ते थेट त्यांच्या मागे खड्ड्यात. मी एवढ्या चपळ त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दारापुढे आडव्या उभ्या राहिल्या.

“काका, आजच्या दिवस काठीने.”

“काठीला कळत नाही हो, वहिनी.” त्यांनीही वहिनीच म्हटलं. कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

“नाही कळलं तर नाही. थोडं साफ कमी होईल. माझ्यासाठी.”

“तुम्ही शिकलेल्या बाया लई हट्टी.”

“हो. आहे मी हट्टी. घ्या.” भिंतीला फावड्याचा जुना दांडा टेकवलेला होता, तो त्यांनी काकांच्या हातात कोंबला. काका तोंडातल्या तोंडात पुटपुटत बाजूला उभे राहिले आणि दांडा दारातून आत घालून दोन बादल्यांच्या मधला चिकटा खरवडू लागले. मुद्दाम वाईट खरवडत होते, काठी कशी निरुपयोगी आहे ते दिसावं म्हणून.

वरून कुणीतरी ओरडलं, “चाळणी झाली!” आणि भरडणी सुरू झाली.

ते यंत्र सुरू झालं की सगळी इमारत थरथरते, पायाखालची जमीनसुद्धा. पट्टा आधी बोटभर खाली सरकला. थांबला. मला वाटलं, मलाच भास झाला. पुन्हा सरकला, वीतभर, अगदी हळू. मुकादम ‘अहो’ म्हणाला, एवढंच. मग एकदम सुटलाच. चार मजल्यांच्या भरलेल्या बादल्या उलट्या खाली धावत सुटल्या, दांडा काकांच्या हातातून हिसकावला गेला, आत कडकन मोडला, आणि तळाच्या दारातून धान्याचा लोंढा त्या दोघांच्या पायांवर आला. वहिनींनी काकांना कमरेला धरून मागे ओढलं, दोघेही भिंतीवर आपटले. बादल्या रिकाम्या झाल्या तेव्हाच पट्टा थांबला.

मुकादमाने धावत जाऊन भरडणी बंद केली. मग इतकी शांतता झाली की कोठीतून गळणारे दाणे ऐकू येत होते.

दारात दांड्याचा एक तुकडा अडकला होता. चिरलेला, चेपलेला. काका भिंतीशी बसून त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपले दोन्ही हात वर केले, उलटे केले, सुलटे केले आणि मांडीवर ठेवले.  मी माझे खिशात घातले.

“म्हणजे इतकी वर्षं?” काका म्हणाले.

“इतकी वर्षं तो तापत होता, काका,” वहिनी म्हणाल्या. “जे घर्षण त्याला तापवत होतं, त्याच्यावरच तुमचे हात शाबूत राहिले.”

मुकादम खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला होता. त्याला रडू फुटलं होतं. “मी चांगलं करायला गेलो हो,” तो म्हणत होता. “मी स्वतः निवडून आणलं तेल.”

“चांगलंच केलंत तुम्ही. तेल चांगलंच आहे, तेच ठेवा. त्याने चाक वाचेल. धरून ठेवणं हे तेलाचं काम नाही आणि आमच्या डब्याचंही नाही. आम्ही ते लिहायला नको होतं.” मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. “भाऊजी, छिन्नी-हातोडी.”

त्या शिडी चढून वर गेल्या, मी मागोमाग. बॉक्सवरच्या पितळी पाटीवर ते दोन शब्द होते. वहिनींनी छिन्नी लावली आणि हातोडीने ते शब्द एकेक अक्षर करून खरवडून काढले. हातोडी त्यांच्या हातात नीट बसत नव्हती, दोनदा बोटावर बसली. मी ‘द्या इकडे’ म्हणालो, पण त्यांनी दिली नाही. काम झाल्यावर तिथेच शिडीला टेकून रडल्या, आवाज न करता. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो. आमच्या घरात वहिनी रडत नाहीत.

खाली आलो तेव्हा काकांनी विचारलं, “ते सगळं ठीक. पण उद्या मी साफ कसं करू?”

वाईट या प्रश्नाचंच वाटलं. काहीही झालं तरी उद्या तळाला चुरा चिकटणारच होता.

वहिनींनी समजावून सांगितलं. बॅकस्टॉप येईपर्यंत आधी उचलणीचा मेन स्विच पाडायचा आणि त्याला कुलूप लावायचं, किल्ली काकांच्या खिशात. मग पट्ट्याच्या दोन्ही बाजू तळाशी साखळीने चौकटीला बांधायच्या. भरडणी बंद पाहिजे. मग दार उघडायचं, आणि तरीही काठीच, हात नाही. मुकादमाने जाड साखळी आणली. वहिनींनी पहिल्यांदा स्वतः बांधून दाखवली, मग सोडली आणि काकांना बांधायला लावली. काकांनी बांधली. त्यांनी ओढून बघितली, परत सोडायला लावली, पुन्हा बांधायला लावली. काका एका शब्दाने कुरकुरले नाहीत.

मालकांचा पुन्हा फोन आला. या वेळी वहिनींनी स्पीकरवर टाकला आणि झालं ते सगळं सांगितलं. 

“कुणाला लागलं का?” मालकांनी विचारलं. आवाज खाली आला होता, म्हणजे माणूस अगदीच वाईट नाही.

“नाही.”

“बरं. बॅकस्टॉप पाठवतो तिथे, आपल्या खर्चाने. पण वहिनी, झालं हे एकाच ठिकाणी ना?”

वहिनींनी डोळे मिटले. “बघायला आपण एकाच ठिकाणी होतो,” त्या म्हणाल्या.

 आमचे असे बॉक्स कुठे कुठे आहेत ते मालकांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. निम्म्या ठिकाणी मीच बसवून दिले आहेत. तिथेही बॉक्स तापतात, तिथेही काळजी घेणारे मुकादम आहेत, आणि खाली कुणी ना कुणी काका आहेत. 

“उद्या या, बसून ठरवू,” मालक शेवटी म्हणाले.

“उद्या ठरवू. आज वाटेत एक गिरणी आहे, ती करून येते.”

त्यांनी फोन ठेवला. अंगावर भुसा, अंगठ्याला रक्त, चेहरा उतरलेला. मी म्हणालो, “वहिनी, आज राहू द्या. दमलात तुम्ही.” त्यांनी मान हलवली, हो या अर्थाने, दमलेय. मग मुकादमाकडे वळून विचारलं,

“अजून थोडी साखळी आहे का?”